सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला तपासा

सूतगिरणीतल्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचा दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. कँटीनमध्ये किंवा टाइम ऑफिसच्या बाजूला टेबल मांडतात. वजन, रक्तदाब, डोळे, छातीला स्टेथोस्कोप, जमलं तर एक्स-रे. थोडी बरी गिरणी असेल तर स्पायरोमीटर आणतात आणि प्रत्येकाला एकदा फुंकायला लावतात. दिवस ठरतो तो डॉक्टरांच्या आणि उत्पादनाच्या सोयीने. रांगेत कुणी पाळी संपवून आलेला असतो, कुणी पाळीवर निघालेला, कुणी सलग पाचव्या दिवशी कामावर असलेला. संध्याकाळी रजिस्टर भरतं आणि जवळपास सगळ्यांच्या नावापुढे ‘फिट’ लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं असं की कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस या पद्धतीने सापडूच शकत नाही. डॉक्टर हलगर्जी असोत वा नसोत, तपासणीची वेळच चुकीची आहे. हा आजार आठवड्याच्या एका ठरावीक दिवशी आणि पाळीच्या दोन टोकांमधल्या फरकात दिसतो. तो दिवस आणि तो फरक सोडून बाकी सगळं तपासलं, तर हाती कोरा कागदच येणार.

आजाराची चाल आधी पाहू. गाठी फोडण्याच्या किंवा कार्डिंगच्या, म्हणजे कापूस पिंजण्याच्या, खात्यात काही वर्षं काम केलेला माणूस साप्ताहिक सुट्टी घेऊन कामावर येतो. पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन तासांनी त्याची छाती आवळल्यासारखी होते, श्वास पुरत नाही, कोरडा खोकला येतो. दुसऱ्या दिवशी त्रास कमी होतो आणि तिसऱ्या दिवशी बहुतेक विसरला जातो. पुढची सुट्टी झाली की पहिल्या दिवशी पुन्हा तेच. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत प्राध्यापक रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात याच चालीवरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. कधीमधी पहिल्या दिवशी छाती आवळते ती अर्धी पायरी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळते ती पहिली. पहिल्याबरोबर इतर दिवशीही आवळते ती दुसरी. आणि कायमची धाप लागून माणूस कामातून जातो ती तिसरी. सुरुवातीच्या पायऱ्यांवर माणसाला धुळीतून बाहेर काढलं, तर फुप्फुसं बऱ्याच अंशी सावरतात. तिसरीवर गेलेला माणूस परत येत नाही.

आता या चालीशेजारी आपली तपासणी ठेवून बघा. एक्स-रेमध्ये बिसिनोसिसची स्वतःची अशी एकही खूण नसते. दगडाच्या किंवा सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या आजारात फुप्फुसावर डाग दिसतात, इथे दिसत नाहीत. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ या शेऱ्याने बिसिनोसिस नाही असं मुळीच ठरत नाही. स्टेथोस्कोपचंही तेच. आठवड्याच्या मधल्या दिवशी, विश्रांतीनंतर छाती ऐकली तर काहीच ऐकू येणार नाही. उरतो तो स्पायरोमीटर. पण एकदाच फुंकलेला स्पायरोमीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आकड्यांनीच पाहायला हवं.

पूर्ण श्वास भरून जोराने सोडल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, या मोजमापाला एफईव्ही-१ म्हणतात. समजा, कार्डिंग खात्यातला एक कामगार आहे. वय, उंची आणि लिंग पाहता त्याची अपेक्षित एफईव्ही-१ ३.४० लिटर आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सकाळी, खात्यात पाऊल ठेवण्यापूर्वी त्याने फुंकलं तेव्हा ३.१० लिटर आले. दुपारी पाळी संपताना फुंकलं तेव्हा २.८८. म्हणजे सात-आठ तासांत २२० मिलिलिटर, साधारण ७ टक्के घट. इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. निरोगी माणसाची एफईव्ही-१ पहाटे सर्वांत कमी असते आणि दुपारपर्यंत थोडी वाढते. पहिल्या पाळीत ती वाढायला हवी होती आणि ती घसरली आहे. अमेरिकेच्या कापूसधूळ नियमात ५ टक्के किंवा २०० मिलिलिटरची घट दिसली, की त्या कामगाराची तपासणी वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी करावी लागते. आपला हा माणूस दोन्ही निकषांत बसतो.

याच माणसाला आपल्या वार्षिक शिबिरात एखाद्या गुरुवारी एकदा फुंकायला लावलं आणि समजा ३.०० लिटर आले. अपेक्षितच्या ८८ टक्के. ८० टक्क्यांच्या वर म्हणजे नॉर्मल, असा ढोबळ नियम लावून डॉक्टर पुढच्या माणसाला बोलावतात. तीस-पस्तिशीनंतर कुणाचीही एफईव्ही-१ वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने कमी होते. धुळीमुळे या माणसाची वर्षाला ६० मिलिलिटरने कमी होते आहे असं धरू. तर सकाळचा ३.१०चा आकडा अपेक्षितच्या ८० टक्क्यांखाली यायला अकरावं वर्ष उजाडेल. तेव्हा तो २.४४ लिटरवर असेल. पहिल्याच वर्षी, एकाच पाळीत जी गोष्ट कळली असती, ती कळायला दहा वर्षं जातील, आणि तोवर धूळ न लागता जेवढी हवा गेली असती त्याच्या दुप्पट गेलेली असेल. गेलेली सगळी परत येत नाही. पाळीच्या दोन टोकांमधली घट ज्यांची जास्त, त्यांचीच पुढच्या वर्षांतली घसरणही जास्त, हे अमेरिकेतल्या गिरणी कामगारांच्या दीर्घ पाहणीत दिसून आलेलं आहे. म्हणजे ही घट पुढच्या दहा वर्षांचा अंदाज देते. तो अंदाज घ्यायचाच नाही असं आपण ठरवून टाकलं आहे.

म्हणून मागणी साधी आहे. धुळीच्या खात्यांतल्या प्रत्येकाची श्वसनचाचणी सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, खात्यात शिरण्यापूर्वी एकदा आणि पाळीच्या शेवटी एकदा व्हावी. त्याआधी किमान ३५ तास तो कापसाच्या धुळीपासून दूर असावा आणि दुसरी चाचणी पाळी सुरू झाल्यापासून ४ ते १० तासांच्या आत व्हावी. हे आकडे अमेरिकी नियमातले आहेत आणि ते आपल्याकडे चालणार नाहीत असं मानायला कारण नाही. रात्रपाळीत ही चाचणी करू नये. तेव्हा पहाटेकडे सगळ्यांचीच एफईव्ही-१ उतरते आणि धुळीचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

‘सोमवारी त्रास होतो का?’ हा प्रश्नही आपल्या गिरण्यांत फसवा ठरतो. लँकेशायरमध्ये रविवारी सगळी गिरणी बंद असायची, म्हणून सोमवार. आजच्या सूतगिरणीचे साचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस फिरतात. सुट्टी आळीपाळीने मिळते, कुणाला मंगळवार, कुणाला शुक्रवार. त्या माणसाला सोमवारचं विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणार. विचारायचं ते ‘सुट्टीवरून परत आल्यावर पहिल्या दिवशी’ असं. आणि जो सुट्टीच घेत नाही, डबल पाळ्या करून महिना भरून काढतो, त्याच्या आठवड्याला पहिला दिवसच उरत नाही. त्याची छाती सततच थोडी आवळलेली असते आणि त्याला वाटतं आपण थकलोय. गावी जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलेल्या माणसाला कामाच्या पहिल्या दिवशी कसं वाटलं, हे अशा कामगारांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पडतं.

आपल्याकडे हा आजार फारसा नाही, असं बराच काळ मानलं गेलं. अमेरिकेतल्या गिरणीमालकांनीही १९६०च्या दशकापर्यंत हेच म्हटलं होतं. शोधलं तिथे तो सापडला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहणीत तिथल्या गिरण्यांत गाठी फोडून कापूस साफ करणाऱ्या ब्लो रूममध्ये सुमारे ३० टक्के आणि कार्डिंगमध्ये सुमारे ३८ टक्के कामगारांत बिसिनोसिस आढळला. मुंबईत केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला. १९९०च्या दशकात ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरच्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी कामगारांना तपासलं आणि नुकसानभरपाईसाठी राज्य विमा योजनेचे दरवाजे ठोठावले. पण तोवर १९८२चा संप होऊन गेला होता आणि गिरणगाव विझत चाललं होतं. ज्यांनी कार्ड खात्यात आयुष्य काढलं, त्यांतल्या कितीतरी जणांच्या केसपेपरवर अखेरपर्यंत ‘दमा’ किंवा ‘बिडीमुळे ब्राँकायटिस’ एवढंच राहिलं. मला याचा राग येतो, कारण बिडीचा युक्तिवाद चाचणीच्या वेळेनेच तपासता येण्यासारखा होता. बिडी सुट्टीच्या दिवशीही ओढली जाते. सुट्टीने बरं वाटणं आणि कामाच्या पहिल्या दिवशी नेमकं बिघडणं हे बिडीच्या खात्यावर टाकता येत नाही. बिडीने फुप्फुसाचं नुकसान होतंच, आणि धूळ-बिडी एकत्र आल्या तर जास्त होतं. म्हणून धूळ निर्दोष ठरत नाही.

आता धुळीकडे येऊ, कारण तपासणी कितीही चांगली केली तरी ती धूळ कमी करत नाही.

गिरणीत डोळ्यांना दिसतो तो उडणारा तंतू. केसांवर, भुवयांवर बसणारा, पंख्याच्या पात्यांना लोंबणारा. तो त्रासदायक असतो, पण बहुतांश नाकातच अडतो. छातीत खोल जाते ती डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ. कापसाच्या बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा, माती, बुरशी आणि जिवाणू यांचं ते मिश्रण असतं. यातल्या काही जिवाणूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो, आणि श्वासनलिका आवळण्यामागे मुख्य संशय त्याच्यावर आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना नमुन्यादाखल उभारलेल्या कार्डिंग खोलीत वेगवेगळ्या कापसांच्या धुळीत बसवलं. त्यांच्या एफईव्ही-१ मधली घट धुळीच्या वजनापेक्षा हवेतल्या एंडोटॉक्सिनशी जास्त जुळली. यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की कापूस जितका कचऱ्याचा आणि भिजून खराब झालेला, तितकी तीच धूळ जास्त घातक असू शकते. हलक्या प्रतीच्या गाठी किंवा वेस्ट चालवताना त्या आठवड्यात सक्शन आणि सफाई वाढवली पाहिजे. प्रत्यक्षात तेव्हाच फिल्टर जास्त तुंबतात आणि सक्शन कमी होतं.

अमेरिकेने १९७८ साली मर्यादा ठरवली ती या बारीक धुळीसाठी. सूत काढण्याच्या सगळ्या टप्प्यांवर एका घनमीटर हवेत आठ तासांच्या सरासरीने २०० मायक्रोग्रॅम. विणाईला ७५०. मोजायला व्हर्टिकल एल्युट्रिएटर नावाचं उभं नळकांडं वापरतात. त्यातून हवा इतक्या संथ वर खेचली जाते की जड तंतू खालीच राहतात आणि साधारण १५ मायक्रॉनपेक्षा लहान कण तेवढे वरच्या फिल्टरवर बसतात. हे न करता साधा पंप लावून सगळीच धूळ तोलली, तर आकड्यात तंतूंचं वजन येतं आणि त्या आकड्याची २००शी तुलना निरर्थक ठरते. अहवाल हाती आला की आधी विचारावं, कोणत्या उपकरणाने मोजलं, कुठे ठेवलं होतं, आणि त्या वेळी कार्डिंगची किती यंत्रं, म्हणजे कार्ड, चालू होती. अर्धे कार्ड बंद ठेवून मोजलेल्या धुळीचे अहवाल छान येतात.

कार्डिंगमध्ये धूळ जिथे निघते तिथेच झाकून ओढून घ्यावी लागते. त्यासाठी यंत्राला बंदिस्त आवरण आणि प्रत्येक कार्डला सक्शन हवं, ती हवा फिल्टरवरून जावी आणि स्वच्छ होऊनच खात्यात परतावी. नव्या यंत्रांना हे सगळं मूळचंच असतं. बिघडतं ते नंतर. फिल्टरचं कापड फाटतं आणि बारीक धूळ परतीच्या हवेबरोबर सगळ्या खात्यात पसरते. डक्टच्या वळणावर तंतूंचा गोळा बसतो आणि शेवटच्या तीन-चार कार्डांना ओढच राहत नाही. एखादा दरवाजा दुरुस्तीसाठी काढतात आणि तो परत लागत नाही. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाब दाखवणारा मॅनोमीटर लावा आणि यंत्रणा नवी असतानाचा आकडा त्याच्याशेजारी रंगाने लिहून ठेवा. दाब फार वाढला तर फिल्टर तुंबलाय, अचानक पडला तर फाटलाय. दिवे मंद करून अंधाऱ्या कोपऱ्यात जोरदार टॉर्चचा झोत आडवा सोडला, तर न दिसणारी धूळही झोतात तरंगताना दिसते आणि ती कोणत्या फटीतून येते तेही कळतं.

आणि मग आहे ‘हवा मारणं’. पाळी संपताना कॉम्प्रेसरची नळी घेऊन यंत्रं आणि अंगावरचे कपडे फुंकून साफ करायची पद्धत आजही अनेक ठिकाणी बिनदिक्कत चालू आहे. फिल्टरने आठ तासांत जे पकडलं त्यातलं बरंच दहा मिनिटांत हवेत परत जातं, तेही पुढच्या पाळीची माणसं आत शिरत असताना. अमेरिकी नियम दुसरा मार्ग शक्य असेल तिथे हे करू देत नाही. व्हॅक्यूमने सफाई करायला पाळीमागे जास्त वेळ लागतो हे खरं. तो वेळ उत्पादनाच्या हिशोबात धरला पाहिजे. झाडूने कोरडं झाडण्याबद्दलही हेच म्हणावं लागेल.

खर्चाचा आक्षेप येतोच. अमेरिकेत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८१ साली न्यायालयाने सांगितलं की कामगाराचं आरोग्य जपणारा हा नियम व्यवहार्य असला म्हणजे पुरे, त्याचा फायदा-तोटा पैशांत मांडून दाखवण्याची सक्ती कायद्यात नाही. नंतरच्या मूल्यमापनात प्रत्यक्ष खर्च सरकारी अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघाला, कारण गिरण्यांनी त्याच सुमारास नवी, वेगवान आणि बंदिस्त यंत्रं घेतली. आपल्याकडच्या मोठ्या सूतगिरण्या आज या यंत्रांवर चालतात. त्यांच्याकडे सक्शन आहे. नसते ती त्याची देखभाल आणि मोजणी.

लहान जिनिंग प्रेस आणि यंत्रमागाच्या शेड यांचा प्रश्न वेगळा आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या जिनिंगमध्ये काम हंगामी, माणसं दरवर्षी नवी, आणि धूळ उघड्या शेडमध्ये. जुन्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या १० कामगारांच्या जागेला कारखाना म्हणत, नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेत ती संख्या २० झाली आहे. बिसिनोसिस कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत आहे, पण ज्या शेडमध्ये १५ माणसं आहेत ती त्या यादीच्या आवाक्यातून निसटायचीच शक्यता जास्त. या जागांसाठी फिरतं श्वसनचाचणी पथक जिल्हा पातळीवर सरकारनेच चालवायला हवं. मालकाकडून हे होणार नाही, आणि त्याच्याकडून अपेक्षा धरून आणखी वीस वर्षं घालवू नयेत.

सर्वांत खरा आक्षेप मात्र कामगारांकडून येतो. ‘घट दिसली तर मला काढून टाकतील.’ हे भय निराधार नाही. कंत्राटी माणसाला ‘अनफिट’ म्हणून गेटवरून परत पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून लोक त्रास लपवतात, आणि चाचणीतही लपवता येतो. सकाळी अर्ध्या जोराने फुंकायचं, म्हणजे दुपारचा आकडा कमी दिसत नाही. जाणत्या तंत्रज्ञाला हे कळतं. तीन चांगल्या फुंकी हव्यात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत याव्यात. मुद्दाम कमी फुंकणाऱ्याच्या फुंकी एकमेकींशी जुळत नाहीत आणि आलेखाचं टोक टोकदार न राहता बसकं होतं. पण पकडणं हा उपाय नाही. लपवण्याचं कारण काढून घेतलं पाहिजे. ज्याची घट दिसली त्याला त्याच पगारावर कमी धुळीच्या खात्यात, वायंडिंगला किंवा पॅकिंगला हलवायचं, आणि त्याची कमाई कमी होऊ द्यायची नाही. अमेरिकेत हाच मुद्दा सर्वांत वादाचा ठरला. १९८१च्या निकालात बाकी नियम टिकला, पण पगाराच्या हमीचं कलम मात्र न्यायालयाने परत पाठवलं. पुढे ती हमी, मास्क लावणं वैद्यकीयदृष्ट्या शक्य नसलेल्यांपुरती, आली. आपण नियम लिहिताना हे कलम सुरुवातीलाच आणि पूर्ण लिहावं.

मास्कचं मात्र मी शेवटीही समर्थन करणार नाही, निदान आज वाटले जातात त्या मास्कचं. सुती रुमाल किंवा पातळ कापडी मास्क तंतू अडवतो, बारीक धूळ नाही. नीट बसणारा रेस्पिरेटर ती अडवतो, पण खात्यातल्या उष्ण-दमट हवेत आठ तास तो तोंडावर ठेवणं फार अवघड जातं. फिल्टर बदलेपर्यंत किंवा वेस्ट उपसताना तासाभरासाठी तो जरूर द्यावा.

चाचणीचे आकडे कुठे जातात हेही ठरवायला हवं. आज ते कंपनीच्या फायलीत जातात आणि कामगार गिरणी बदलतो तेव्हा त्याची जुनी एफईव्ही-१ मागेच राहते. मग दहा वर्षांनी भरपाईचा दावा करताना त्याच्याजवळ सुरुवातीचा आकडाच नसतो, आणि किती हवा गेली हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं. म्हणून पाळीआधीचा आणि पाळीनंतरचा आकडा, तारीख, शेवटची सुट्टी कधी होती, खातं कोणतं आणि त्या खात्यात धुळीचं शेवटचं मोजमाप किती आलं, एवढं एका कागदावर लिहून, डॉक्टरच्या सहीने, त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावं. राज्य विमा दवाखान्याने तो कागद पुरावा म्हणून स्वीकारावा. कामावर रुजू होण्यापूर्वीची पहिली चाचणीही याच कागदावर असावी, कारण पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना तिच्याशीच करायची आहे.